टॅगांचा गोतावळा

आमच्या वेबसाइटवर शिकवणीचे हजाराच्या वर पाठ आहेत आणि प्रत्येक पाठाला त्याच्या लेखकाने लाडाने टॅग लावलेले आहेत. लाड इतके, की VLOOKUP हे एकच सूत्र ‘व्हीलुकअप’, ‘व्हीलूकअप’, ‘व्ही लुकअप’ आणि ‘VLOOKUP’ अशा चार नावांनी नांदतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या भांडणात वर्डप्रेस पडत नाही. मागाल त्या शुद्धलेखनाला वेगळं पान काढून देतं. वाचक एका पानावर येतो, दोन पाठ बघतो आणि ‘एवढंच?’ म्हणून निघून जातो. बाकीचे पाठ शेजारच्या तीन पानांवर गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेले.

शिवाय ‘नवीन’ हा टॅग आहे. तो २०१३ सालच्या पाठालाही आहे. ‘महत्त्वाचे’ हा टॅग काढू का, असं एका ज्येष्ठ लेखकांना विचारलं, तर म्हणाले, “म्हणजे मी बिनमहत्त्वाचं लिहितो?”

शेवटी आम्ही ठरवलं : पाठ कोणत्या सॉफ्टवेअरचा, हे वर्ग सांगेल, आत काय केलंय, हे टॅग. ‘एक्सेल’ हा वर्ग, त्याच्या पोटात ‘सूत्रे’ हा उपवर्ग. ‘पिव्हट टेबल’ मात्र टॅग, कारण ते एक्सेलमध्येही आहे आणि गुगल शीट्समध्येही. टॅग असा आडवा जाऊन दोन घरं जोडत असेल तर ठेवायचा. एकाच पाठाला लावलेला टॅग कोणालाच जोडत नाही. दुसरा पाठ येण्याची चिन्हं नसतील तर त्याला निरोप.

मग विलीनीकरण. टॅगांच्या यादीत ‘व्हीलूकअप’पुढचा आकडा दाबला की त्याचे पाठ येतात. सगळे निवडायचे, Bulk actions मधून Edit घ्यायचं, टॅगच्या चौकटीत ‘VLOOKUP’ लिहायचं आणि Update. नवा टॅग जुन्याच्या शेजारी येऊन बसतो. मग जुना पुसायचा. पाठ जात नाहीत, फक्त टॅग जातो. हे पटवून देताना माझा घसा बसला. यादीत एका वेळी वीसच पाठ दिसतात, म्हणून आधी Screen Options मधून आकडा वाढवायचा. नाहीतर एकविसावा पाठ कुठल्याच यादीत राहत नाही.

खरी मेख पुढे. पाठाचा पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावर आलेल्याला सहसा नव्यावर पोचवतं. टॅगच्या बाबतीत ते हात वर करतं. जुना दुवा जपून ठेवलेल्या वाचकाला ४०४ भेटतो. त्यामुळे पुसण्याआधी जुना पत्ता टिपून ठेवायचा आणि तिथून नव्याकडे ३०१ची कायमची पाटी लावायची.

वर्ग पुसताना आणखी गंमत. ज्या पाठाला दुसरा वर्ग नसतो, तो गुपचूप मूळच्या Uncategorized मध्ये जाऊन पडतो. ‘इतर’ हा वर्ग उत्साहाने पुसणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने तिकडे एवढी गर्दी केली, की त्या वर्गालाच उपवर्ग पाडावेत अशी सूचना बैठकीत आली. अनुमोदन ज्येष्ठ लेखकांनी दिलं. पहिल्या उपवर्गाचं नावही त्यांनीच सुचवलं : ‘महत्त्वाचे’.