अभिनंदन, पण पूर्ण किमतीत

नोकरी सोडणाऱ्या माणसाचं अभिनंदन कसं करावं, याची काही रीत आपल्याकडे ठरलेली नाही. बारशाला गेलं की बाळ कोणावर गेलंय ते सांगायचं, बढती मिळाली की पेढे मागायचे, निवृत्तीला 'आता नातवंडांत रमा' म्हणून शाल द्यायची. पण चालत्या नोकरीचा राजीनामा देऊन माणूस हसतमुखाने समोर उभा राहिला की आपली जीभ 'अभिनंदन' म्हणते आणि भुवया 'घरी सगळं ठीक आहे ना?' असं विचारतात.

आमच्या साहेबांनी हा प्रसंग आमच्या सगळ्या मित्रमंडळींवर आणला. 'साहेब' हे कॉलेजपासूनचं टोपणनाव. पुढे ते खरोखरच एका बँकेत कर्जविभागाचे अधिकारी झाले, म्हणून टिकलं. बाकी आम्ही एकमेकांना अरेतुरेच करतो. तर साहेबांनी बँक सोडली आणि कऱ्हाडजवळ लाकडी घाण्यावर शेंगदाणा तेल काढायला सुरुवात केली. 'घाण्याचा बैल' हा विनोद आतापर्यंत त्यांचे सासरे, दोन्ही मेहुणे, बँकेतला शिपाई आणि शेजारचा वाणी अशा सर्वांनी करून झाला आहे, त्यामुळे मी तो करत नाही.

साहेबांच्या निर्णयातली गंमत वेगळीच होती. ज्या माणसाने इतकी वर्षं दुसऱ्यांच्या प्रकल्प अहवालांवर लाल शाईने 'विक्रीचा अंदाज अवास्तव' असं लिहिलं, त्याला आता स्वतःचाच अहवाल घेऊन टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायचं होतं. त्या खुर्चीला हात नसतात, हे त्याच्या तेव्हा प्रथम लक्षात आलं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत त्याने अर्ज केला. तिच्यात ३५ टक्के अनुदान मिळतं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आणि किमान १० टक्के स्वतःचे घालावे लागतात. "अनुदान म्हणजे फुकटच की," असं आमच्यातला एकजण म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे जुन्या नजरेने पाहिलं. ते पैसे तीन वर्षं बँकेतच वेगळ्या खात्यात बसून राहतात. तोवर धंदा चालू असला आणि हप्ते थकलेले नसले, तरच कर्जात वळते होतात. म्हणजे ज्याला पैशांची गरज आहे त्याला आज मिळत नाहीत, आणि ज्याने तीन वर्षं त्यांच्याशिवाय काढून दाखवली त्याला मिळतात. "योजना आखणारा माणूस बँकेतलाच असणार," असं साहेब कौतुकाने म्हणाले.

घाण्याचं उद्घाटन दणक्यात झालं. लाकडी उखळात लाकडाचीच लाट संथपणे फिरते, खाली मोटर असते, आणि १२ किलो शेंगदाण्यांचा एक घाणा निघायला साधारण तासभर लागतो. तेल सुटावं म्हणून मध्येच पाण्याचा हलका हबका मारावा लागतो. तो हलकाच हवा. पाणी जास्त झालं की तेल गढूळ राहतं आणि लवकर खवट होतं. मग ते दोन-तीन दिवस भांड्यात निवळू द्यायचं, तळाला गाळ बसला की वरचं तेल अलगद काढून बाटल्यांत भरायचं. उद्घाटनाला आलेल्या मंडळींना हे निवळणं मान्य नव्हतं. त्यांना ताजं तेल हवं होतं, तेही घरून आणलेल्या किटलीत. सुटं खाद्यतेल विकायला कायद्याने बंदी आहे, बाटली आणि लेबल लागतंच, हे साहेबांनी माइकवरून सांगितलं. त्यावर एक काका म्हणाले, "आम्ही काय परके आहोत?"

तिथेच अभिनंदनाचा पूर आला. कोणी म्हणालं धाडस लागतं, कोणी म्हणालं मराठी माणूस धंद्यात उतरला. एका मावशींनी तर या तेलाने गुडघे बरे होतात असं परस्पर जाहीर करून टाकलं. साहेब घाईघाईने म्हणाले, "मावशी, हे फोडणीचं आहे." मी मात्र कोपऱ्यात उभा राहून त्याची वही चाळत होतो. मित्राचं खरं अभिनंदन करायचं तर त्याची वही वाचावी, भाषण ऐकू नये.

वहीत लिहिलं होतं ते असं. एक लिटर तेलाला अडीच किलो शेंगदाणे. १२० रुपये किलोने ३०० रुपये. उरलेली पेंड दीड किलो, ती गोठेवाले ४० रुपयांनी नेतात, म्हणजे ६० परत. वीज, मजुरी, बाटली, लेबल मिळून ४५. एक लिटर पडलं २८५ रुपयांना, आणि बाटलीवर किंमत ३६०. हातात राहिले ७५. हे वाचून माझ्या मनात आलं, वाईट नाही. मग पान उलटलं. जागेचं भाडं ८ हजार, कर्जाचा हप्ता १२ हजार. म्हणजे महिन्याला पहिले २६७ लिटर हे घरमालकाचे आणि बँकेचे. २६८व्या लिटरपासून साहेबांचा संसार सुरू.

घरखर्चाला किमान ५० हजार लागतात, हे वहिनींनी स्वतःच्या अक्षरात बाजूला लिहिलं होतं. पुढे दोनदा रेघ मारलेली होती, त्यामुळे त्या आकड्यावर चर्चा झालेली नसावी. ते धरले तर महिन्याला ९३३ लिटर तेल विकायला हवं. आता घाण्याची ताकद बघू. तासाला ४.८ लिटर, रोज आठ तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे जेमतेम ९६०. याचा अर्थ असा, की लाट एक दिवस तुटली नाही, वीज दुपारी गेली नाही, कामगाराच्या गावची जत्रा आली नाही आणि निघालेला प्रत्येक थेंब थेट गिऱ्हाइकाला विकला गेला, तर साहेबांच्या घरात जुन्या पगाराच्या निम्मे पैसे येतात.

"तुझ्याकडे असा अहवाल आला असता तर काय केलं असतंस?" मी विचारलं.

"परत पाठवला असता," तो शांतपणे म्हणाला. "पहिल्या वर्षी ६० टक्क्यांपेक्षा जास्त क्षमता धरायची नाही, हा आमचा नियम."

६० टक्क्यांना ५७६ लिटर होतात. त्यांतून भाडं आणि हप्ता गेला की २३ हजार उरतात. वहिनींचा पगार आहे म्हणून दिवा लागतो. दुकानांत माल ठेवावा म्हटलं तर दुकानदाराला लिटरमागे ५० रुपये हवेत, उरले २५. म्हणजे दुकानातून भरपूर विकणं हा तोटा लवकर करून घ्यायचा राजमार्ग. साहेबांना दुकानं नकोत, घरं हवीत. महिन्याला दोन लिटर नेणारी पावणेतीनशे-तीनशे घरं, तीही दर महिन्याला. मित्र आणि नातेवाईक कितीही ताणून मोजले तरी चाळीसच्या पुढे जात नाहीत, आणि त्यांतले निम्मे किटली घेऊन येणारे.

पण माझी खरी भीती तिसऱ्या पानावर होती, आणि ती आकड्यांत दिसत नाही. पगार दर महिन्याला येतो. खरिपाची शेंग वर्षातून एकदा येते. दिवाळीच्या आगेमागे बाजार समितीत आवक होते तेव्हा भाव बसलेला असतो, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो चढतो. किलोला २० रुपये चढले की लिटरमागे ५० रुपये जातात, म्हणजे ७५ मधले २५ उरतात, दुकानदाराशिवायच. म्हणून हंगामात माल भरून ठेवायचा. सहा महिन्यांचा माल म्हणजे साडेआठ टन, म्हणजे दहा लाखांच्या वर रक्कम. यंत्राला कर्ज मिळतं, फोटो काढता येतो, हार घालता येतो. पोत्यांत अडकलेल्या या पैशांना कोणी हार घालत नाही, आणि नवे धंदे बुडतात ते बहुधा यंत्राने नव्हे, याच पोत्यांनी.

शिवाय ती पोती जिवंत असतात. ओल राहिली की बुरशी, आणि शेंगदाण्यावरची एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला घातक असतं. कारखान्यात तेल शुद्ध करताना ते बऱ्याच अंशी निघून जातं. घाण्याचं तेल नुसतं निवळतं, त्यामुळे दाण्यात असेल त्यातलं काही तेलातही उतरतं. उपाय एकच, शेंगा नीट वाळलेल्या घ्यायच्या, टरफलासकट साठवायच्या, लागतील तशा फोडायच्या आणि सुरकुतलेला, काळपट, कडवट दाणा हाताने निवडून फेकायचा. फेकलेला प्रत्येक दाणा १२० रुपये किलोचा असतो. निवडणाऱ्या बायकांच्या शेजारी साहेब स्वतः बसतात, आणि संशयित दाणा दिसला की पूर्वी जामीनदाराच्या सहीकडे पाहत तसे त्याच्याकडे पाहतात. मला वाटतं, हा माणूस तरला तर या नजरेवर तरेल.

हे सगळं मी त्याला बोलून दाखवलं. अभिनंदनाच्या दिवशी असं बोलू नये म्हणतात, पण बाकीचं सगळं बोलायला दीडशे माणसं आली होती. मी एवढंच मागितलं की थांबायचं कधी, हे आजच, आनंदात असताना, लिहून ठेव. अडचणीत लिहिलेली मर्यादा रोज सरकते. त्याने वहीचं शेवटचं पान दाखवलं. वर्षभराच्या घरखर्चाची मुदतठेव वहिनींच्या नावावर आहे, आणि खाली लिहिलंय, 'ही मोडायची वेळ आली तर घाणा विकायचा, घर नाही.' सही दोघांची. साक्षीदाराची जागा रिकामी होती. ती मी भरली. जामीनदार म्हणून नव्हे, हे त्याने आणि मी दोघांनीही नीट तपासून घेतलं.

मग निघताना माझ्यातला मध्यमवर्गीय जागा झाला आणि जिभेवर आलं, "मित्रांना काय भाव?" तेवढ्यात हिशोब आठवला. मैत्रीखातर ३० रुपये कमी म्हणजे त्याच्या ७५ मधले ३० मी खिशात घालणार, आणि वर पाठ थोपटणार. साहेबांचं आजवर ज्यांनी ज्यांनी तोंड भरून कौतुक केलं, त्यांतल्या बहुतेकांनी ही सूट मागितली होती.

म्हणून, साहेब, अभिनंदन. दर महिन्याला दोन लिटर, ३६० प्रमाणे, रोख, उधारी नाही. तेल खवट निघालं तर जगाला सांगायच्या आधी तुला सांगेन, आणि चांगलं निघालं तर तुला सांगायच्या आधी शेजाऱ्यांना. पेंड मात्र गोठेवाल्यांनाच दे. आमच्या सोसायटीत म्हैस पाळायला परवानगी नाही.