फलाट ओलांडण्याचे शास्त्र, चुकीच्या उत्तरांसह

स्पर्धा परीक्षेची तयारी सुरू करणाऱ्या उमेदवाराला ‘काळ, काम, वेग’ या प्रकरणात लवकरच एक आगगाडी भेटते. या गाडीची काही लक्षणे आधीच माहीत असावीत. ती कधी उशिरा येत नाही, सिग्नलला थांबत नाही, चढावर मंदावत नाही आणि फलाटावर माणसे उभी असली तरी कोणालाही आत घेत नाही. फलाट ओलांडणे हेच तिचे जीवितकार्य. तो किती सेकंदांत ओलांडला, एवढेच उमेदवाराने सांगायचे असते.

पहिला विधी एककांचा. गाडीचा वेग ताशी किलोमीटरमध्ये, लांबी मीटरमध्ये आणि उत्तर सेकंदांत मागण्याची प्रथा आहे. किलोमीटरमध्ये १००० मीटर आणि तासात ३६०० सेकंद, म्हणून १०००/३६०० म्हणजेच ५/१८ ने गुणायचे. हा अपूर्णांक पाठ नसलेला उमेदवार सापडणे कठीण. मात्र ऐन पेपरात तो ५/१८ होता की १८/५, या प्रश्नावर घाम फुटणारे पुष्कळ. त्यांनी ताशी ७२ किलोमीटरला उलट्या अपूर्णांकाने गुणून पाहावे. सेकंदाला २५९.२ मीटर येतात. म्हणजे गाडी ताशी नऊशे किलोमीटरच्या पुढे गेली, तिला रुळांऐवजी धावपट्टी द्यावी लागेल. मीटर प्रतिसेकंदाचा आकडा ताशी किलोमीटरच्या आकड्याच्या पावपटीहून थोडा मोठा असतो, एवढे ध्यानात ठेवले की दिशा चुकत नाही.

दुसरी खूण प्रश्न काढणाऱ्याच्या स्वभावात सापडते. त्याला १८ च्या पाढ्याचे वेड असते. ३६, ५४, ७२, ९०, १०८ या वेगांचे सेकंदाला अनुक्रमे १०, १५, २०, २५, ३० मीटर होतात. ही पाच गिऱ्हाइके पाठ असली की निम्मी गुणाकार-भागाकाराची हमाली वाचते. वेग ७२ असताना उत्तरात दशांश चिन्ह डोकावू लागले, तर उमेदवाराने आधी स्वतःवर संशय घ्यावा, प्रश्नावर नंतर.

आता मुख्य सोहळा. प्रश्न असा: ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणारी ३६० मीटर लांबीची गाडी २४० मीटर लांबीचा फलाट किती सेकंदांत ओलांडेल? पर्याय: ६, १२, १८, ३०.

शास्त्रोक्त पद्धत सोपी आहे. इंजिनाचे नाक फलाटाच्या अलीकडच्या टोकाला लागले की घड्याळ सुरू करायचे आणि शेवटच्या डब्याचे शेपूट पलीकडचे टोक सोडते तेव्हा बंद करायचे. तेवढ्या वेळात नाकाने आधी २४० मीटर फलाट कापला आणि मग शेपूट बाहेर पडेपर्यंत आणखी ३६० मीटर ते पुढे गेले. एकूण ६०० मीटर, सेकंदाला २० मीटर, उत्तर ३० सेकंद.

पण नुसते बरोबर उत्तर काढून थांबणारा उमेदवार अर्धीच मजा लुटतो. उरलेले तीन पर्याय कुठून आले, हे पाहण्यासारखे आहे. प्रश्न काढणाऱ्याने ते डोळे मिटून टाकलेले नाहीत. फलाट घेऊन गाडी विसरणाऱ्यासाठी १२ आहे. गाडी घेऊन फलाट विसरणाऱ्यासाठी १८ आहे. बेरीज करायची की वजाबाकी, या संभ्रमात वजाबाकी करणाऱ्यासाठी ६ आहे. चुकणाऱ्या प्रत्येकाला आपले उत्तर पर्यायांत छापलेले दिसते आणि तो समाधानाने पुढच्या प्रश्नाकडे वळतो. रेल्वे भरतीच्या ज्या परीक्षांत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, तिथे अशी तीन समाधाने मिळून एक बरोबर उत्तर खातात.

गंमत अशी की हे तिन्ही आकडे खोटे नाहीत. फलाटावर वर्तमानपत्र वाचत उभ्या असलेल्या गृहस्थांना विचारले, तर गाडी त्यांच्यासमोरून जायला १८ सेकंद लागतात. त्यांची लांबी गणितात शून्य धरली जाते, मग पोट कितीही सुटलेले असो. खांब, झाड आणि सिग्नल यांनाही हाच मान मिळतो. उलट गाडीत खिडकीशी बसलेल्या आजींच्या डोळ्यांपुढून फलाट १२ सेकंदांत निघून जातो, कारण त्या काही ३६० मीटर लांब नाहीत. आणि ६ सेकंद? बाराव्या सेकंदाला नाक पलीकडच्या टोकाला पोहोचते, अठराव्या सेकंदाला शेपूट अलीकडच्या टोकात शिरते. मधल्या ६ सेकंदांत फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समोर गाडीच गाडी असते. चारही पर्याय बरोबर आहेत, फक्त तीन दुसऱ्या प्रश्नांचे आहेत. म्हणून प्रश्न वाचताना ‘कोण कोणाला ओलांडते’ याखाली रेघ मारावी.

याच समजुतीवर एक जरा वरच्या वर्गातला प्रश्न सुटतो: एक गाडी खांब १५ सेकंदांत आणि २०० मीटरचा फलाट २५ सेकंदांत ओलांडते, तर तिची लांबी किती? घाईचा उमेदवार २०० ला २५ ने भागून वेग ८ मीटर काढतो, त्याला १५ ने गुणतो आणि १२० मीटरची गाडी उभी करतो. ताळा घेतल्यास ही गाडी जागीच उघडी पडते: १२० आणि २०० मिळून ३२० मीटर, वेग ८, म्हणजे ४० सेकंद, प्रश्नात तर २५ आहेत. खरे असे की स्वतःची लांबी ओलांडायला गाडीला दोन्ही वेळा १५ सेकंदच लागले. जास्तीचे १० सेकंद एकट्या फलाटाचे. मग वेग सेकंदाला २० मीटर आणि लांबी ३०० मीटर. इथे क्ष मानायचा मोह आवरावा. समीकरणानेही उत्तर येते, पण पेन उचलेपर्यंत शेजारचा उमेदवार गोल काळा करून मोकळा झालेला असतो.

या गाड्यांचा जमिनीशी संबंध किती, अशी शंका चिकित्सक उमेदवाराला येणारच. आजच्या एलएचबी डब्याची लांबी साधारण २४ मीटर असते. म्हणजे वरची ३६० मीटरची गाडी इंजिनासह पंधराएक डब्यांची झाली, आणि २४० मीटरच्या फलाटाला त्यातले जेमतेम दहा लागतील. ती थांबली असती तर मागच्या प्रवाशांना खडीत उड्या माराव्या लागल्या असत्या. मुंबईत १२ डब्यांच्या लोकलच्या १५ डब्यांच्या करताना फलाट लांबवावे लागले, ते याच हिशेबापायी. न थांबण्यात परीक्षेतल्या गाडीचा शहाणपणाच म्हणायचा.

दुसरे टोक हुबळीला आहे. तिथला १५०७ मीटरचा फलाट जगात सर्वांत लांब मानला जातो. २०२३ साली त्याचे उद्घाटन झाले. त्याआधी हा मान गोरखपूरच्या १३६६ मीटरच्या फलाटाला होता. आपली गाडी त्याच ताशी ७२ च्या वेगाने हुबळीतून सोडली, तर १८६७ मीटरला २० ने भागून ९३.३५ सेकंद येतात. एवढा मोठा फलाट असूनही प्रश्नपत्रिकेत हुबळीला जागा मिळत नाही, ती या शेवटच्या ३५ शतांश सेकंदांमुळे. प्रश्न काढणाऱ्याच्या हाती अधिकार असता, तर त्याने सात मीटर फलाट कधीच उखडून टाकला असता. मग उत्तर नीटनेटके ९३ सेकंद आले असते.