छेद कुठाय?

माझ्या जुन्या रेझ्युमेत वडिलांचं नाव होतं, जन्मतारीख होती, 'छंद : वाचन व क्रिकेट' होतं आणि तळाशी 'वरील माहिती खरी आहे' अशी सहीनिशी कबुली होती. मी दुकानात नेमकं काय करतो, एवढंच नव्हतं. 'स्टोअरच्या एकूण कामकाजाची जबाबदारी' अशी एक ओळ होती खरी, पण ती आमच्या वॉचमनलाही चालली असती. रात्री अकरा ते सकाळी नऊ एकूण कामकाज त्याच्याकडेच असायचं.

"सर, आकडे टाका," प्लेसमेंटवाल्या मुलीने फोनवर सांगितलं. "स्टॉक अ‍ॅक्युरसी, कन्व्हर्जन, श्रिंकेज, अ‍ॅट्रिशन. चार ओळी पुरतात."

मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानाचा मॅनेजर आकड्यांवरच जगतो. त्यामुळे चार ओळी पंधरा मिनिटांत झाल्या. स्टॉक अ‍ॅक्युरसी ९९.७ टक्के. कन्व्हर्जन १५ वरून १८. श्रिंकेज ०.९ वरून ०.४. अ‍ॅट्रिशन ९३ वरून ६४. वाचून मलाच माझ्याबद्दल आदर वाटला. तो आदर वाटून घ्यावा म्हणून कागद बायकोपुढे ठेवला. ही चूक झाली. ती शाळेत गणित शिकवते आणि तेव्हा आठवीच्या वह्या तपासत होती.

"छेद कुठाय?" ती म्हणाली.

"कसला छेद?"

"अहो, टक्के म्हणजे अंश भागिले छेद. ९९.७ कशाचे?"

मी सांगितलं, पुस्तकी स्टॉक ९,००० नग, मोजणीत भरले ८,९७३. तिने मान डोलावली. मग उगाचच प्रामाणिकपणाचा झटका येऊन मी पुढचंही बोलून गेलो. गिऱ्हाईक एकाच निळ्या शर्टाचे दोन नग घेतं, एक चाळीस साइझचा, एक बेचाळीसचा. काउंटरवर रांग असते, म्हणून कॅशियर एकाच शर्टाचा बारकोड दोनदा मारतो. पैसे बरोबर, नग बरोबर. कॉम्प्युटरमध्ये मात्र चाळीसचा एक कमी आणि बेचाळीसचा एक जास्त. पुढच्या आठवड्यात कुणी बेचाळीस मागितला की स्क्रीन म्हणते 'आहे' आणि पोरगा अर्धा तास रॅक उपसत बसतो. एकूण बेरजेत हा घोळ दिसत नाही, कारण कमी आणि जास्त एकमेकांना खाऊन टाकतात. साइझनिहाय जुळवलं तर अ‍ॅक्युरसी ९२ टक्के.

"म्हणजे एका पेपरात शून्य आणि दुसऱ्यात शंभर मिळाले, तर सरासरी पन्नास म्हणून दोन्हीत पास," ती म्हणाली आणि ९९.७ भोवती लाल गोल काढला.

कन्व्हर्जनचं मला भय नव्हतं. दारावर सेन्सर आहे, आत येणारी माणसं तो मोजतो. महिन्याला १८,००० माणसं, २,७०० बिलं, म्हणजे १५ टक्के. वर्षभरात १८ केले. यात लपवण्यासारखं काय?

"सेन्सरला गिऱ्हाईक ओळखू येतं का?"

येत नाही. त्याला पाच जणांचं कुटुंब म्हणजे पाच गिऱ्हाइकं, बिल एकच. मे महिन्यात एसीत गार व्हायला आलेले आजोबाही गिऱ्हाईकच. आणि आमचा स्टाफ! रोज हजर बारा जण. चहा, जेवण, फोन, स्वच्छतागृह धरून प्रत्येकाच्या पाच फेऱ्या, दिवसाला साठ, महिन्याला १,८००. हे १,८०० जण दरमहा रित्या हाताने परत जाणारे गिऱ्हाईक म्हणून माझ्या नावावर मांडले जायचे. एक दिवस मी स्टाफला मागच्या सर्व्हिस दाराने ये-जा करायला लावलं. छेद १६,२०० झाला आणि एकही जादा शर्ट न विकता कन्व्हर्जन १६.७ वर गेलं. एरिया मॅनेजरने ग्रुपवर टाळ्या पाठवल्या होत्या. मी त्या घेतल्या होत्या.

पण उरलेलं सव्वा टक्क्याच्या आसपासचं काम खरं होतं. शनिवारी संध्याकाळी ट्रायल रूमपुढे रांग लागायची आणि लोक हातातले कपडे रॅकवर टाकून निघून जायचे. ते टाकलेले कपडे मी दोन शनिवार मोजले, मग तिथे एक जादा माणूस उभा केला आणि दुसरं बिलिंग सहाऐवजी पाचला उघडलं. त्याच १६,२०० माणसांत २,७०० बिलांची २,९१६ झाली.

"मग ही २१६ बिलं लिहा ना," बायको म्हणाली. "दार कशाला विकताय?"

श्रिंकेजच्या ओळीपाशी मी स्वतःच घसा खाकरला. पुस्तकी मालाच्या किमतीपेक्षा मोजणीत जेवढा कमी भरतो, तो भागिले विक्री. लोकांना वाटतं ही सगळी चोरी. काही असतेच, पण माल उतरवताना कार्टन न मोजता केलेली सही, दुसऱ्या शाखेला पाठवून एंट्री न केलेला माल, फाटका नग चुपचाप फेकणं, हेही त्यातच येतं. आधीच्या वर्षी साडेचार कोटींच्या विक्रीवर ४ लाख ५ हजार कमी, म्हणजे ०.९ टक्के. पुढच्या वर्षी पाच कोटींवर दोन लाख, म्हणजे ०.४.

मध्ये घडलं ते असं. आधीच्या मोजणीत साठ कुर्ते सापडले नव्हते. ९९९ चा एक, म्हणजे साठ हजारांचा माल. तीन पोरांकडे मी महिनाभर संशयाने पाहिलं होतं. पुढल्या दिवाळीत आकाशकंदील काढायला मागच्या खोलीत गेलो, तर तोरणांच्या पोत्याखाली कार्टन. पट्टीसुद्धा फोडलेली नव्हती. आता गंमत अशी की ते साठ हजार आधीच्या वर्षात तूट म्हणून वाढले आणि पुढच्या वर्षात 'जास्त सापडले' म्हणून तुटीतून वजा झाले. एका कार्टनने दोनदा मदत केली. ते बाजूला काढलं, तर आधीचं वर्ष ३ लाख ४५ हजार, पुढचं २ लाख ६० हजार. म्हणजे ०.७७ वरून ०.५२.

बायकोने आठवीची वही मिटली. "त्या तीन पोरांचं काय झालं?"

दोघं सोडून गेली. ती अ‍ॅट्रिशनमध्ये आहेत.

त्या ओळीवर फार वेळ गेला नाही. चौदाच्या स्टाफवर वर्षात नऊ जणांनी सोडलं, ६४ टक्के. त्यातले सहा पहिल्या तीन महिन्यांतच गेले. एक मुलगा गावच्या जत्रेला म्हणून गेला, परत आला, आणि पेरणीला पुन्हा गेला. तो एकटा दोन धरला आहे. वर्ष काढलेले जुने आठ जण होते, त्यांच्यातला एकच गेला. तो समोरच्या दुकानात दीड हजार जास्तीवर. मी तेच लिहिलं : जुने आठ, टिकले सात.

नव्या कागदावर आकडे लहान झाले आणि ओळी लांब झाल्या. ९९.७ च्या शेजारी ९२ बसले, 'साइझनिहाय' या शब्दासकट. प्लेसमेंटवाली मुलगी म्हणाली, "सर, ०.४ जास्त छान दिसत होतं."

मुलाखत घेणारे गृहस्थ पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी श्रिंकेजच्या ओळीवर बोट ठेवलं. "कार्टन वगळून? कुठलं कार्टन?" मी सांगितलं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "आमचं जिन्याखाली सापडलं होतं. स्वेटर. एप्रिलमध्ये."

मग कन्व्हर्जनच्या ओळीशी थांबले. म्हणाले, "आमचं या दुकानात चौदाच्या वर जातच नाही. तीन मॅनेजर बदलले."

"स्टाफ चहाला कुठल्या दाराने जातो?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, माझा रेझ्युमे उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर गुणाकार मांडायला घेतला.