एक्कावन्न नगांचा संसार

वारणानगरात बसून मोबाईलवर स्टीलचा डिनर सेट मागवता येतो, ही प्रगतीच. ‘५१ नग’ वाचून वाटतं, आता वास्तुशांतीचीही पंगत उठेल. मोजायला बसलं की कळतं: सहा ताटं, सहा छोट्या प्लेटा, बारा वाट्या, सहा ग्लास, तीन डाव आणि अठरा चमचे. एक्कावन्न भरले खरे, पण जेवणार सहाच.

‘वाटी १५० मिली’ हे माप काठोकाठ भरल्यावरचं. तांबडा रस्सा तसा वाढून बघा, पहिला घोट सतरंजी पिते. बोटभर जागा सोडली की शंभरेक मिली उरतात, आणि कोल्हापुरी माणूस तेवढ्याला चव बघणं म्हणतो.

वजन तीन किलो, खोक्यासकट की खोक्याविना हे गुलदस्त्यात. खोक्याविना धरलं तरी सरासरी नगाला ५९ ग्रॅम पडतात. ताट त्याहून जड असणारच, पण नेमकं किती ते लिहिलेलं नाही. पातळ ताट एका हातानं उचललं की मधोमध लवतं आणि आमटी भाताला सोडून चपातीला भेटायला जाते.

‘डिशवॉशरला चालेल’ हे वाचून आमच्याकडची मोरी हसली. मात्र कमी निकेलच्या स्वस्त स्टीलला मीठ आणि तिखट साबणानं बारीक तांबूस ठिपके पडतात. असं स्टील ओळखायला लोहचुंबक लावून उपयोग नाही. ३०४ आणि २०२ दोन्हींना तो जवळपास चिकटतच नाही.

तेव्हा विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: एका ताटाचं वजन किती आणि स्टीलचा ग्रेड कोणता?