खजिनदारांचा कान वाचवा : ब्लीडचे पाच धडे

लोहाऱ्यात गणेशोत्सव जवळ आला की मंडळात ज्याला कोरल उघडता येतं, तो डिझायनर ठरतो. तुमचीही निवड अशीच झाली असेल. आता सोलापूरच्या प्रेसमधून प्रूफ परत आलंय आणि कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलंय : 'ब्लीड नाही'. पुढचे धडे क्रमाने गिरवा.

१. सुरीवर विश्वास ठेवू नका. पोस्टर मोठ्या कागदावर छापून, गठ्ठा करून कापतात. दाबाखाली कागद किंचित सरकतो आणि छपाईही प्रत्येक कागदावर अगदी त्याच जागी पडत नाही. त्यामुळे सुरी मिलिमीटरभर इकडेतिकडे जाते. तुमचा भगवा रंग बरोब्बर कापायच्या रेषेवर संपला असेल, तर काही पोस्टरांच्या काठाला पांढरी पट्टी दिसेल. म्हणून रंग रेषेच्या बाहेरही न्यायचा. हा बाहेरचा, शेवटी रद्दीत जाणारा भाग म्हणजे ब्लीड.

२. हिशेब करा. ए३ पोस्टर २९७ बाय ४२० मिलिमीटरचं असतं. ब्लीड साधारण ३ मिलिमीटर, तेही चारही बाजूंना. म्हणजे छपाई ३०३ बाय ४२६. ज्यांनी ३०० बाय ४२३ केलं, त्यांनी दोनच बाजू मोजल्या. हे ए३ कागदावर मावत नाही, म्हणून प्रेसवाले १३ बाय १९ इंचाचा कागद घेतात.

३. फक्त बॅकग्राऊंड वाढवा. सगळं डिझाइन एकदम निवडून ओढलंत, तर ते रुंदीत दोन टक्के आणि उंचीत जेमतेम दीड टक्का वाढेल. अध्यक्ष अंमळ जाडे होतील आणि काठाजवळची नावं सुरीखाली सरकतील.

४. आतही जागा सोडा. नावं, फोटो, तारीख कापायच्या रेषेपासून निदान ५ मिलिमीटर आत हवेत. खजिनदारांना काठाला चिकटवलंत, तर वर्गणीचा हिशेब विचारणाऱ्यांच्या आधी सुरीच त्यांना गाठेल. काठाजवळ बारीक बॉर्डरही नको. ती काठापासून तीन मिलिमीटरवर असेल आणि सुरी एक मिलिमीटर सरकली, तर एका बाजूला चार आणि समोरच्या बाजूला दोन मिलिमीटर उरतात, आणि ते लांबूनही दिसतं.

५. प्रूफ नीट वाचा. कोपऱ्यांतल्या बारीक रेघा म्हणजे कापायच्या खुणा. पट्टी ठेवून समोरासमोरच्या खुणा जोडा. रंग त्या रेषेच्या बाहेर गेलेला दिसला पाहिजे, अक्षरं आतच थांबलेली. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या प्रतीवरून मात्र निकाल देऊ नका. असे बहुतेक प्रिंटर कागदाच्या कडेपर्यंत छापतच नाहीत.

एवढं झालं की प्रूफवर सही करा, शक्यतो अध्यक्षांची घ्या. सहीनंतर कापलेल्या कानाची जबाबदारी प्रेस घेत नाही.