खर्चाची बाजू आधी

सोसायटीचा सचिव व्हायला फारशी पात्रता लागत नाही. घरी प्रिंटर असावा लागतो. माझ्याकडे लेझर प्रिंटर आहे आणि तो कागदाच्या दोन्ही बाजू आपोआप छापतो, हे मी एकदा लिफ्टमध्ये बोलून गेलो. पुढच्याच निवडणुकीत बिनविरोध निवडून आलो.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि नोटीस पूर्ण 14 दिवस आधी घरोघरी पोचवायची असते. मार्चअखेरीचे हिशेब ऑडिटरकडून सुटून येईपर्यंत ऑगस्ट उजाडतो. थोडक्यात, ज्या महिन्यात डोंबिवलीत मीठसुद्धा बरणीतून बाहेर यायला नकार देतं, त्या महिन्यात आम्ही कागद छापायला काढतो. आमचे फ्लॅट 84. नोटीस आणि ताळेबंद मिळून 12 पानं, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापली तर प्रत्येकी 6 कागद. एकूण 504. कागदाच्या एका रीममध्ये असतात 500. चार कागदांसाठी दुसरी रीम घ्यावी लागेल म्हणून खजिनदारांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. पुढे काय वाढून ठेवलंय, हे त्यांना माहीत नव्हतं.

या यंत्राची एक लकब आधी सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. कागद खालच्या ट्रेमधून उचलला जातो, ड्रमखालून जाताना त्याच्यावर शाई म्हणजे टोनरची पूड बसते, आणि मग जवळजवळ 200 अंशांना तापलेल्या रोलरमधून जाताना ती वितळून पक्की होते. एक बाजू झाली. आता हा कागद उलटायचा कसा? आत उलटायला जागा नाही. म्हणून प्रिंटर त्याला वरच्या ट्रेवर बाहेर सोडतो, पण पूर्ण सोडत नाही. शेवटचं टोक रोलरच्या चिमटीत असतानाच रोलर उलटे फिरतात, आतली एक झडप बाजू बदलते, आणि कागद आल्या पावली, शेपटाकडून आत ओढला जातो. मग तो मागच्या बाजूने खाली उतरतो, पोटाखालून पुढे येतो आणि कोऱ्या अंगाने पुन्हा ड्रमपाशी हजर होतो. बोरघाटात पूर्वी खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि शेपटाचं डोकं होऊन गाडी पुढे निघायची. तोच प्रकार.

पाहणाऱ्याला मात्र यातलं काही कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की कागद बाहेर आला.

आईलाही तेवढंच दिसलं. जूनमध्ये मी कमिटीच्या बैठकीचे कागद छापत होतो आणि ती प्रिंटरशेजारी शेंगा सोलत बसली होती. कागद बाहेर डोकावला. पोराला मदत करावी म्हणून तिने तो हलकेच ओढून घेतला. पाहते तो एक बाजू कोरी. कोरी बाजू वाया जाऊ द्यायची नाही ही तिची पिढी, त्यामुळे तिने तिच्यावर वाण्याची यादी लिहायला घेतली.

आत प्रिंटर त्या कागदाची वाट पाहत होता. परतीच्या वाटेवर एक छोटासा सेन्सर असतो. ठरलेल्या वेळात कागद तिथे पोचला नाही, तर तो कुठेतरी अडकला असं यंत्र धरून चालतं. आईने पळवला असेल, ही शक्यता त्याच्या हिशेबातच नाही. पडद्यावर आलं, ड्युप्लेक्स जॅम. मी पुढचं दार उघडलं, मागचं दार उघडलं, ट्रे पूर्ण बाहेर काढला, टॉर्च घेऊन पालथा पडलो. आत चिटोरासुद्धा नाही. अशा यंत्रात हात लावायच्या खटक्यांना वेगळा रंग दिलेला असतो, तसा आमच्याकडे तो निळा आहे. मी निळं दिसेल ते खालीवर केलं. दारं लावली आणि प्रिंटर सुरू झाला. जिंकल्याच्या आनंदात मी स्वयंपाकघरात गेलो, तर तिथे कार्यवृत्ताच्या पान दोनमागे ‘साबुदाणा अर्धा किलो’.

ऑगस्टमध्ये खरी छपाई सुरू झाली तेव्हा हा प्रसंग मी विसरून गेलो होतो.

पहिल्या चार कागदांनंतर जॅम. काढला. पुन्हा तिसऱ्याला. मग सलग नऊ सुरळीत, आणि दहावा आत. गंमत म्हणजे एकाच बाजूने छापायला लावलं की पन्नासच्या पन्नास कागद शहाण्यासारखे बाहेर यायचे. म्हणजे जाताना अडचण नाही, परतताना आहे. अडकलेला प्रत्येक कागद प्रिंटरच्या पोटाखालून निघायचा, आणि त्याच्यावर नेहमी सम क्रमांकाचंच पान छापलेलं असायचं. आमचा प्रिंटर पान दोन आधी छापतो आणि पान एक नंतर, म्हणजे गठ्ठा पालथा पडतो तेव्हा क्रम बरोबर लागतो. आमच्या ताळेबंदात पान पाचवर जमा आणि सहावर खर्च. त्यामुळे माझ्या टेबलावर ज्या रद्दीचा ढीग साठला, तिच्यावर सोसायटीचा खर्च स्वच्छ छापलेला होता आणि जमेची बाजू कोरी. खजिनदार म्हणाले, “तसं हे चुकीचं नाही म्हणा.”

कारण बायकोने शोधलं. तिने अडकलेला एक कागद टेबलावर ठेवला. चारही कोपरे बोटभर वर उचललेले. “कागद सादळलाय,” ती म्हणाली. “सादळलेला पापड एका बाजूने भाज, असाच वळतो.” मी फिजिक्सचा पदवीधर आहे, पण याहून चांगलं स्पष्टीकरण मला देता आलं नसतं. महिनाभर उघड्या पडलेल्या रीमने हवेतला ओलावा प्यायलेला असतो. तापल्या रोलरमधून जाताना दोन्ही अंगांचा ओलावा सारखा उडत नाही, आणि कागद कुरळा होतो. पहिल्या फेरीत तो सपाट असतो, कुरळा होतो तो पहिली बाजू भाजून झाल्यावर. म्हणून त्याची पंचाईत परतीच्या वाटेवरच होते. तिथली वळणं अरुंद असतात आणि वळलेलं टोक कुठेही अडतं.

नवी रीम आणली. लागेल तेवढाच गठ्ठा ट्रेमध्ये, बाकीचा वेष्टनात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत. ट्रेमधला गठ्ठा उलटा करून पाहिला, त्यानेही कधीकधी कागद विरुद्ध अंगाला वळून काम भागतं. फरक पडला. तिसऱ्याऐवजी पंधराव्या कागदाला जॅम येऊ लागला. निम्मं कारण सापडलं की माणूस पुढे शोधायचं बंद करतो. मी पावसाला शिव्या देत छापत राहिलो आणि दर पंधरा कागदांमागे एकाचा बळी देत राहिलो.

मध्ये एक दिवस हाताने बाजू उलटण्याचाही प्रयोग केला. आधी सगळी सम पानं छापायची, गठ्ठा पालथा घालायचा, मग विषम. तेही कुरळेच कागद. चाळिसाव्या कागदाला प्रिंटरने दोन एकदम उचलले आणि तिथून पुढे प्रत्येक सभासदाला शेजारच्या पानाचं पोट लागलं. तिसरी रीम आली ती त्या दिवशी.

शेवटी प्रिंटरवाल्याला बोलावलं. पंचविशीतला पोरगा. आल्या आल्या त्याने प्रिंटरला हातच लावला नाही. “काका, अडकलेले कागद ठेवलेत का?” मी ढीग दाखवला. त्याने सात-आठ कागद शेजारी शेजारी मांडले आणि कुंडली पाहावी तसे पाहू लागला. “आतमध्ये समोर काही आडवं आलं असतं, एखादा तुकडा किंवा झडप, तर पुढची कड सरळ पंख्यासारखी चुरगळली असती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुमच्या सगळ्यांचा एकच कोपरा मुडपलाय. कागद तिरपा चाललाय.” मग त्याने नीट बाहेर आलेला एक कागद खिडकीच्या उजेडासमोर धरला. पुढची आणि मागची छापील चौकट एकमेकांवर बसत नव्हती, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होती. ते मी पहिल्या दिवसापासून पाहत होतो. मला वाटलं होतं, या किमतीत एवढंच.

त्याने मागचं दार उघडलं आणि आतल्या निळ्या खटक्यावर बोट ठेवलं. त्याच्या एका बाजूला ए-फोर लिहिलं होतं, दुसऱ्या बाजूला लेटर. खटका लेटरवर होता.

लेटर हा अमेरिकेतला कागद. तो आपल्या ए-फोरपेक्षा आखूड, पण रुंद असतो. ए-फोरची रुंदी 210 मिलिमीटर, लेटरची जवळजवळ 216. परतीच्या वाटेवर कागद एका कडेला टेकून सरळ चालावा म्हणून आत एक पट्टी असते आणि हा खटका ती पट्टी कागदाच्या रुंदीप्रमाणे सरकवतो. लेटरवर ठेवला की ए-फोरला टेकायला कड मिळत नाही. कोरडा, ताठ कागद तरीही निभावून नेतो. सादळलेला, कुरळा कागद मोकळ्या जागेत तिरपा होतो, कोपरा अडतो, आणि सेन्सर वाट पाहत बसतो. पाऊस दोषी होताच, पण त्याला दार मी उघडून दिलं होतं.

“हा खटका कोणी हलवला?” पोराने विचारलं.

जूनमधली ती संध्याकाळ, टॉर्च, निळं दिसेल ते खालीवर, सगळं डोळ्यांसमोर आलं. “आपोआप सरकला असेल,” मी म्हणालो. आई शेंगा सोलत होती. ती काही बोलली नाही.

त्याने खटका ए-फोरवर आणला, ओलसर कापडाने परतीचे रबरी रोलर पुसले, चारशे रुपये घेतले आणि जाताना सांगितलं की कागद अडकलाच तर मागचं दार उघडून दोन्ही हातांनी सावकाश ओढा, कोपरा फाटून आत राहिला तर पुढचा कागद त्याला जाऊन धडकतो. उरलेले 210 कागद त्याच दुपारी छापले. एक अडकला, तोही जुन्या रीममधला.

आता प्रिंटरच्या वर मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: ‘कागद दोनदा बाहेर येतो. दुसऱ्यांदा आलेलाच घ्यावा.’

सभेत ताळेबंदावर एकच प्रश्न आला, की 504 कागदांच्या छपाईला तीन रीम कशा लागल्या. मी उभा राहून सादळणं, पापड, अमेरिका असं सगळं सांगितलं. इतिवृत्तात ‘सचिवांनी खुलासा केला’ एवढंच लिहिलं, आणि ते एका बाजूवर छापलं.