बारा मिनिटांचा पंचनामा

माणसाच्या दमाची झडती घ्यायला घड्याळ, शिट्टी आणि मापाचं मैदान पुरतं, हे केनेथ कूपर या अमेरिकन हवाई दलातल्या डॉक्टरांनी १९६८ साली आकडेमोड करून दाखवलं. बारा मिनिटं जमेल तितकं पळा, पळवत नसेल तेव्हा चाला, आणि शिट्टी झाली की जिथे असाल तिथे थांबा. किती मीटर झाले ते मोजा, त्यातून ५०४.९ वजा करा, उरलेल्याला ४४.७३ ने भागा. जो आकडा येईल तितके मिलीलिटर ऑक्सिजन तुमचं शरीर जास्तीत जास्त वापरू शकतं, दर मिनिटाला आणि वजनाच्या दर किलोमागे. हिशोब शाळेतला आहे, त्यामुळे लोक तो मुकाट मान्य करतात. पण तोच हिशोब मैदानाकडेच्या बाकावर बारा मिनिटं वर्तमानपत्र वाचत बसलेल्या गृहस्थांना लावून पाहा. शून्य मीटर, वजा ५०४.९, भागिले ४४.७३ : उत्तर उणे ११.३. म्हणजे हे गृहस्थ ऑक्सिजन घेत नाहीत, उलट बाहेर सोडतात. पेपर वाचणारा पिंपळच म्हणायचा! प्रत्यक्षात बसलेला माणूसही किलोमागे मिनिटाला साधारण साडेतीन मिलीलिटर ऑक्सिजन खर्च करतोच. सूत्रात एवढी गंमत दडलेली असूनही ही चाचणी टाकाऊ नाही. माझं म्हणणं इतकंच, की तिच्यातले मीटर खरे आहेत आणि मिलीलिटर अंदाजाचे, तेव्हा मान द्यायचा तो मीटरना.

हे सूत्र कुठून आलं ते पाहिलं की पिंपळाचा उलगडा होतो. कूपर यांनी हवाई दलातले ११५ पुरुष घेतले, वयं सतरा ते बावन्न. त्यांना बारा मिनिटं पळवलं, शिवाय प्रयोगशाळेत ट्रेडमिलवर दमवून त्यांच्या श्वासातला ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजला. दोन्ही आकडे शेजारी मांडले तेव्हा ते चांगलेच हातात हात घालून चालताना दिसले आणि त्या ठिपक्यांमधून एक सरळ रेघ काढता आली. सूत्र म्हणजे ती रेघ. ती पळणाऱ्यांच्या ठिपक्यांतून काढलेली असल्यामुळे बाकावर बसलेल्यांविषयी तिला काही कळत नाही, आणि त्यात तिचा दोषही नाही. वेळ बाराच मिनिटं का, यालाही कारण आहे. स्नायू सुरुवातीला थोडं काम उधारीवर करतात, ऑक्सिजन नंतर चुकवतात. मिनिटभराच्या पळण्यात ही उधारी इतकी चालते की खरी ऐपत कळतच नाही. बारा मिनिटांत मात्र उधारी लवकर संपते आणि उरलेला सगळा व्यवहार रोखीत करावा लागतो. कूपर यांच्याआधी ब्रूनो बाल्के यांनी यासाठी पंधरा मिनिटं धरली होती. वाचलेल्या तीन मिनिटांबद्दल जगभरच्या शाळकरी मुलांनी कूपर यांचे आभार मानायला हरकत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. चारशे मीटरच्या ट्रॅकवर एका माणसाच्या पाच फेऱ्या आणि वर १६० मीटर झाले, म्हणजे २१६० मीटर. सूत्रातून आकडा येतो ३७. यासाठी त्याला प्रत्येक फेरी साधारण दोन मिनिटं तेरा सेकंदांत काढावी लागते. त्या वेगाने पहिली फेरी इतकी सोपी वाटते की बघणाऱ्यांसमोर लाज वाटावी. म्हणून हाच माणूस पहिली फेरी पावणेदोन मिनिटांत मारतो, दुसरीत तोंड उघडतो, तिसरीत बरगडीखालची कळ धरतो आणि चौथीत ‘वॉर्म-डाउन’ करत असल्याचा आव आणून चालू लागतो. शिट्टीला १८०० मीटर होतात, आकडा २९. हृदय तेच, फुप्फुसं तीच. फरक पडला तो पहिल्या फेरीतल्या रुबाबाचा, आणि सूत्राने तो बिनतक्रार ऑक्सिजनच्या खात्यावर टाकला. म्हणूनच दुसऱ्या खेपेला बहुतेकांचा आकडा सुधारतो, आणि त्या सुधारणेत व्यायामापेक्षा अक्कल जास्त असते. ट्रॅकचंही तसंच. चारशे मीटर हे आतल्या मार्गिकेचं माप आहे. संकोचाने आठव्या मार्गिकेतून पळणारा दर फेरीला पन्नासेक मीटर फुकट पळतो. पाच फेऱ्यांत ते अडीचशेच्या वर जातात, आणि त्याच्या विनयाची किंमत पडते जवळजवळ सहा मिलीलिटर.

यावर कोणी म्हणेल, मग ही फिटनेसची चाचणी नसून जिद्दीची झाली. थोडी झालीच. जो नवव्या मिनिटाला ‘आता पुरे’ म्हणतो त्याचा आकडा त्याच्या छातीचा नव्हे, स्वभावाचा असतो. कूपर यांचे जवान तर हुकमाचे ताबेदार. तुमचा-आमचा घसा कोरडा पडला की हुकूम घशाचा चालतो. त्यातून सारख्याच ऑक्सिजनमध्ये एकाचं पळणं सफाईदार असतं, तर दुसरा हात असे हलवतो की जणू गर्दीतून वाट काढतोय. पहिला जास्त अंतर कापतो, तरी त्याचं इंजिन मोठं असेलच असं नाही. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. त्या ११५ जणांत तरणीबांड पोरंही होती आणि पोट सुटलेली मंडळीही असणार. इतक्या फरकाच्या लोकांत कोणतीही बरी चाचणी अव्वल ठरते. तेच रोज सकाळी पळणाऱ्या एकाच गटात तीन-चार मिलीलिटरवरून कोण श्रेष्ठ ते ठरवू गेलात, तर निकाल भांडणाच्याच उपयोगाचा. त्या माणसांत बाई एकही नव्हती, हेही सूत्र लावताना आठवावं.

मग सरळ प्रयोगशाळेत का जाऊ नये? जरूर जावं. तोंडावर मास्क चढवून पळत्या पट्ट्यावर धापा टाकायची हौस आणि खर्चाची तयारी हवी, एवढंच. पण शंभर मुलांची एका सकाळी परीक्षा घ्यायची असेल तर बारा मिनिटांना तोड नाही. आपल्याकडे पोलीस भरतीत मुलं १६०० मीटर पळतात, म्हणजे अंतर ठरलेलं आणि वेळ मोजायची. त्यात सर्वांत मागच्याला सर्वांत जास्त वेळ पळावं लागतं, तेही अख्ख्या मैदानाच्या नजरेखाली. कूपर यांच्या पद्धतीत ढ आणि हुशार एकाच शिट्टीला सुटतात, आणि मैदान गोल असल्यामुळे कोण पुढे नि कोण मागे हे लांबून कळतही नाही. एवढी सभ्य परीक्षा दुसरी माझ्या पाहण्यात नाही.

तेव्हा वापर असा करावा. आधी काही आठवडे चालण्या-पळण्याची सवय असावी. वर्षानुवर्षं खुर्चीत काढलेल्या चाळिशीच्या माणसाने डॉक्टरांना न विचारता थेट जीव खाऊन पळू नये. मैदान तेच, मार्गिका आतली, वेळ सकाळची, कारण मे महिन्याच्या उन्हात हृदयाला स्नायूंबरोबर कातडीलाही रक्त पुरवावं लागतं आणि अंतर घटतं. पहिली खेप सरावाची समजून सोडून द्यावी. दुसऱ्या खेपेचे मीटर लिहून ठेवावेत, मिलीलिटर नाही. दोन महिन्यांनी २१६० चे २३०० झाले तर काहीतरी सुधारलं हे नक्की, मग ते हृदय असो, वजन असो की पहिल्या फेरीतला रुबाब. आणि फेऱ्या स्वतः मोजू नयेत. दम लागलेल्या माणसाची चौथी फेरी फार सहज पाचवी होते, आणि एक फेरी म्हणजे जवळजवळ नऊ मिलीलिटर. मोजायला असा माणूस उभा करावा, ज्याचे आपण पैसे देणं लागतो.